स्टेशन-मॉलचं फुकट वायफाय: लॉगिनच्या पानावर काय लिहायचं आणि कुठे थांबायचं

गेल्या पावसाळ्यात माझी आतेबहीण परीक्षेसाठी लातूरहून पुण्याला निघाली होती. वाटेत एका जंक्शनवर गाडी बदलायची होती आणि पुढची गाडी दोन तास उशिरा. दिवसाचा दीड जीबी डेटा संध्याकाळीच संपलेला. फोनवर वायफायची यादी उघडली तर फुकट वायफायचं नाव सगळ्यात वर, पूर्ण रेंजसह. तिने त्यावर बोट ठेवलं, पान उघडलं, पानाने मोबाईल नंबर मागितला. नंबर दिला, सहा आकड्यांचा ओटीपी आला, तो टाकला. पान म्हणालं, पडताळणी चालू आहे, पाच मिनिटं थांबा. पंधराव्या मिनिटाला आत्याचा फोन आला, "अगं, तुला अठरा हजार कशाला हवेत एवढ्या तातडीने?"

तिने कुणाकडे पैसे मागितलेच नव्हते. तिच्या व्हॉट्सॲपवरून कुणीतरी दुसरंच मागत होतं.

मी बारा वर्षं मॉल, हॉटेलं आणि कार्यालयांत वायफाय बसवण्याचं काम केलं आहे. लोकांना नंबर विचारणारी ती पानं मी स्वतः लावली आहेत. तरीही माझ्याच घरात हे घडलं, कारण एक साधी गोष्ट मी कधी कुणाला नीट बसून सांगितली नव्हती. फुकट वायफायवर कुणीतरी हवेतून आपला पासवर्ड ओढून घेतो, असं लोकांना वाटतं. आज तसं क्वचितच होतं. बँकेचं ॲप, जीमेल, व्हॉट्सॲप हे सगळं फोनमधून बाहेर पडतानाच कुलूपबंद होऊन जातं, मधल्या माणसाला ते वाचता येत नाही. चोरी होते ती लॉगिनच्या पानावर, आणि तिथे माल आपण आपल्या हाताने टाईप करून देतो. म्हणून हा लेख फक्त त्या एका पानाबद्दल आहे.

ते पान उघडतं कसं

तुम्ही वायफायला जोडलात की फोन सगळ्यात आधी इंटरनेट खरंच आहे का ते तपासतो. त्यासाठी तो एका ठरलेल्या पत्त्यावर हाक मारतो. अँड्रॉइड फोन साधारण हा पत्ता वापरतो:

```
http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
```

आयफोन `captive.apple.com` ला विचारतो आणि उत्तरात `Success` एवढा एकच शब्द यायची वाट पाहतो. ठरलेलं उत्तर आलं तर इंटरनेट चालू आहे. पण स्टेशनच्या वायफायवर तुम्ही अजून लॉगिन केलेलं नसतं, म्हणून तिथलं यंत्र ही हाक मध्येच अडवतं आणि उत्तराऐवजी आपलं पान पुढे करतं. ठरलेलं उत्तर न मिळाल्यावर फोनच्या लक्षात येतं की इथे दारावर कुणीतरी बसलंय. मग तो `Sign in to Wi-Fi network` अशी सूचना दाखवतो आणि एक छोटी खिडकी उघडतो.

ही खिडकी म्हणजे तुमचा नेहमीचा क्रोम किंवा सफारी नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. ती वेगळी, तात्पुरती खिडकी असते. तिच्यात तुमचं जीमेल आधीपासून उघडलेलं नसतं आणि फोनने जपून ठेवलेले पासवर्डही तिथे आपसूक येत नाहीत. म्हणून तिच्यात "गूगलने लॉगिन करा" असं बटण दिसलं तर पुढे पासवर्ड हाताने लिहावा लागतो. चोराला नेमकं तेच हवं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, ते पान कोण पाठवतं हे फोनला कळत नाही. ज्याच्या यंत्राला तुम्ही जोडलेले आहात, तोच पान पाठवतो. यंत्र रेल्वेचं असेल तर पान रेल्वेचं, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या पिशवीतलं असेल तर पान त्याचं.

मग नंबर मागणं हेच संशयास्पद आहे का?

नाही. आपल्याकडे खऱ्या वायफायलाही नंबर मागावाच लागतो, आणि त्याला कारण आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला होता. तो नवी मुंबईतल्या सानपाड्यात एका घरातल्या उघड्या वायफायवरून पाठवला गेल्याचं तपासात निघालं. घरमालकाला त्याचा पत्ताही नव्हता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढली. सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख ठेवायची, एकतर फोटो ओळखपत्राची प्रत घ्यायची किंवा लॉगिनचा कोड त्याच्या मोबाईलवर एसएमएसने पाठवायचा. स्टेशनवर प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स कोण घेत बसणार? म्हणून सगळ्यांनी एसएमएसचा रस्ता धरला.

म्हणजे खऱ्या पानाला तुमच्याकडून दोनच गोष्टी लागतात. एक मोबाईल नंबर, आणि दुसरा त्या नंबरावर त्याच वायफायवाल्याने पाठवलेला ओटीपी. जीमेलचा पासवर्ड, एटीएम पिन, कार्डमागचे तीन आकडे, यूपीआय पिन, एखादं ॲप उतरवून घेणं, यातलं काहीही वायफाय चालू होण्यासाठी लागत नाही. पान कितीही देखणं असो आणि त्यावर रेल्वेचा शिक्का असो, या दोनांपलीकडे मागणी गेली की तिथेच थांबायचं.

नाव कुणीही ठेवू शकतो

हे मी सांगून पटत नाही, म्हणून घरी करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि त्याला घरच्या वायफायचंच नाव द्या, अगदी तस्संच. पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकारही घरच्यासारखाच ठेवा. आता दुसऱ्या फोनवर वायफायची यादी उघडा. बहुतेक फोनांत तुम्हाला ते नाव दोनदा दिसणार नाही, एकदाच दिसेल. फोनच्या लेखी दोन्ही एकच. दोन्ही फोन हातात धरून राउटरपासून लांब, जिन्यापर्यंत जा. दुसरा फोन ज्याची रेंज जास्त त्याला चिकटेल आणि तुम्हाला विचारणारही नाही.

घरी निदान पासवर्ड तरी जुळवावा लागला. स्टेशनच्या वायफायला पासवर्डच नसतो, त्यामुळे तिथे फक्त नाव सारखं असलं की झालं. एका छोट्या राउटरमध्ये सिमकार्ड घालून तो पिशवीत ठेवला, नाव स्टेशनच्या वायफायचं दिलं आणि गर्दीच्या जवळ बसलं, की आजूबाजूच्या फोनांना त्याचीच रेंज जास्त मिळते. त्याला कुठलंही यंत्र फोडावं लागत नाही. आणि तुम्ही त्या नावाला पूर्वी कधी जोडले असाल तर फोन खिशातल्या खिशात आपोआप जोडला जातो.

असं खरंच घडतं. ऑस्ट्रेलियात एप्रिल २०२४ मध्ये देशांतर्गत विमानात कर्मचाऱ्यांना एक संशयास्पद वायफाय दिसलं आणि त्यांनी कळवलं. पोलिसांनी एका प्रवाशाचं हातातलं सामान तपासलं, तर त्यात वायफायचं छोटं यंत्र, लॅपटॉप आणि फोन निघाला. पर्थ, मेलबर्न आणि ॲडलेडच्या विमानतळांवरही त्याने अशी जुळी वायफाय चालवल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. जोडलेल्या लोकांपुढे खोटं पान यायचं आणि ते ईमेलने किंवा सोशल मीडियाच्या खात्याने लॉगिन करायला सांगायचं. लोक करायचे. तो भला माणूस आत काहीच फोडत नव्हता, फक्त विचारत होता.

उसना ओटीपी

आता माझ्या बहिणीच्या बाबतीत नेमकं काय झालं ते सावकाश बघू. तिने तर पासवर्ड दिलाच नव्हता. नंबर आणि ओटीपी, म्हणजे खरं पान जे मागतं तेच दिलं होतं.

तिने पानावर नंबर लिहून पुढे जाण्याचं बटण दाबलं, तेव्हा तो नंबर पिशवीतल्या यंत्राकडे गेला. चोराने तो स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपच्या नोंदणीत टाकला. व्हॉट्सॲपने नियमाप्रमाणे तिच्या नंबरावर कोड पाठवला. इकडे खोटं पान म्हणत होतं, "तुमच्या मोबाईलवर आलेला ६ आकडी ओटीपी टाका." वेळ जुळली, आकड्यांची संख्या जुळली. ती ज्या एसएमएसची वाट बघत होती तो आला, फक्त पाठवणारा भलता होता. तिने कोड पानावर टाकला, चोराने तो व्हॉट्सॲपमध्ये टाकला, आणि खातं त्याच्या फोनवर उघडलं. "पाच मिनिटं थांबा" हे वाक्य त्याला हवा असलेला वेळ मिळवण्यासाठी होतं.

नंतर आम्ही तो मेसेज उघडला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: `Your WhatsApp code`, पुढे आकडे, आणि त्याखाली हा कोड कुणालाही देऊ नका अशी सूचना. "तू हे वाचलं नाहीस?" असं मी विचारलं आणि लगेच मला माझीच चूक कळली. तिने मेसेज उघडलाच नव्हता. हल्ली कोड आला की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत ते सहा आकडे आपोआप येऊन बसतात, त्यावर बोट ठेवलं की काम झालं. आकडे दिसतात, पाठवणारा दिसत नाही. आपली सगळ्यांची हीच सवय झाली आहे आणि हा सापळा त्या सवयीवरच उभा आहे.

व्हॉट्सॲपच्या जागी दुसरं काहीही असू शकतं. खरेदीचं ॲप, ईमेलचं खातं, पैशांचं वॉलेट. ज्या ज्या ठिकाणी फक्त नंबर आणि ओटीपीवर दार उघडतं, तिथे तिथे हा उसना ओटीपी चालतो.

स्टेशनवर, पायरीपायरीने

पहिली पायरी वायफाय चालू करण्याआधीची. काम काय आहे ते ठरवा. गाडीची वेळ बघायची, बातम्या वाचायच्या, गाणं ऐकायचं, तर वायफाय ठीक आहे. पैसे पाठवायचे असतील तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर पाठवा. डेटा संपला असेल तर छोटं टॉप-अप मारा. पैसे पाठवतानाचं दळणवळण कुलूपबंद असतं हे खरं आहे. पण नवख्या माणसाला खरं पान कोणतं आणि मधेच घुसवलेलं कोणतं हे घाईत ओळखता येत नाही, म्हणून मी घरातल्यांना हाच नियम लावून दिला आहे.

दुसरी पायरी, नाव. रेल्वे स्टेशनांवर रेलटेल या सरकारी कंपनीचं वायफाय असतं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला ते गूगलच्या साथीने सुरू झालं. पुढे गूगल बाहेर पडलं आणि रेलटेलने काम चालू ठेवलं. आता हजारो स्टेशनांवर ते आहे. यादीत त्याचं नाव `RailWire` असं दिसतं. फलाटावर लावलेला फलक शोधा, त्यावरचं नाव आणि यादीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. `Free Railway WiFi 5G`, `Station_Free` असल्या नावांना हात लावू नका. नाव जुळलं म्हणून यंत्र खरं ठरत नाही, हे आपण घरी करून पाहिलंच. पण नाव जुळलंच नाही तर पुढे जायचं कारणच उरत नाही.

तिसरी पायरी, पानाचा पत्ता. बहुतेक फोनांत त्या छोट्या खिडकीच्या वरच्या पट्टीत बारीक अक्षरांत पत्ता असतो. तो उजवीकडून वाचायला शिका. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अलीकडे, सगळ्यात शेवटी जे असतं ते खरं घर. `railwire.co.in` इथे संपत असेल तर ठीक. पण `railwire.co.in.wifi-free.example` असं असेल तर ते घर `wifi-free.example` चं आहे आणि सुरुवातीचं रेलवायर ही नुसती पाटी आहे. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह पाहून निर्धास्त होऊ नका. कुलूप म्हणजे तुमच्या आणि त्या पानाच्या मधलं कुणी वाचत नाही, एवढंच. पलीकडे बसलेला चोर असला तरी कुलूप लागतंच.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी स्वतः बसवलेल्या कितीतरी खऱ्या पानांचा पत्ता विचित्र दिसायचा. कधी `10.` किंवा `192.168.` ने सुरू होणारे नुसते आकडे, कधी वायफाय चालवणाऱ्या एखाद्या ठेकेदार कंपनीचं अनोळखी नाव. त्यामुळे पत्ता विचित्र म्हणजे खोटं, असंही नाही आणि पत्ता ओळखीचा म्हणून निर्धास्त, असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या १९ रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांनी वायफायला जोडल्यावर लॉगिनच्या पानाऐवजी दहशतवादी हल्ल्यांबद्दलचा द्वेषपूर्ण मजकूर उघडला. वायफाय खरं होतं, यंत्रं खरी होती. पान पुरवणाऱ्या कंपनीच्याच एका माणसाला त्यात अटक झाली. म्हणून माझा भर चौथ्या आणि पाचव्या पायरीवर आहे.

चौथी पायरी, मागणी मोजा. नंबर मागितला, द्या. त्याच्याबरोबर पासवर्डचा रकाना दिसला, तर खिडकी बंद करा. कार्डाचे आकडे "फक्त पडताळणीसाठी, एक रुपया कापून परत मिळेल" असं लिहून मागितले, तर बंद करा. "जलद वायफायसाठी हे ॲप उतरवा" असं आलं, किंवा फोनमध्ये प्रमाणपत्र बसवायला सांगितलं, तरी बंद करा. रेलवायरवर रोजची पहिली ३० मिनिटं फुकट असतात आणि त्यापुढे पैसे भरून प्लॅन घेता येतो, त्यामुळे पैसे भरण्याचं खरं पानही अस्तित्वात आहे. तरी नवख्यांनी त्या खिडकीत पैसे भरूच नयेत. अर्धा तास वापरा आणि सोडून द्या.

पाचवी पायरी, ओटीपीचा मेसेज. कीबोर्डच्या पट्टीतल्या आकड्यांना बोट लावू नका. मेसेजचं ॲप उघडा आणि मेसेज सुरुवातीपासून वाचा. तीन गोष्टी बघा. कुणी पाठवला: भारतातल्या कंपनीचा ओटीपी दहा आकडी साध्या मोबाईल नंबरावरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीच्या नावाची इंग्रजी अक्षरं असतात. कशासाठी पाठवला: मजकुरात वायफायचा उल्लेख हवा. बँक, व्हॉट्सॲप, गूगल, "डिव्हाइस जोडण्यासाठी", "व्यवहारासाठी" असं काही असेल तर तो ओटीपी या पानाचा नाहीच. आणि किती आले: एक नंबर दिल्यावर दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून कोड येऊ लागले, तर कुणीतरी तुमचा नंबर निरनिराळ्या दारांवर लावून बघतोय. एकही कोड टाकू नका, वायफाय बंद करा.

मेसेज वाचूनही शंका राहिली तर एक चाचणी आहे. मुद्दाम चुकीचा कोड टाका, कुठलेही आकडे. पानाने तो आनंदाने स्वीकारला आणि पुढे गेलं, तर ते पान काहीच तपासत नाहीये, फक्त गोळा करतंय. ही चाचणी एकाच बाजूने चालते, हे मात्र विसरू नका. चुकीचा कोड नाकारला म्हणून पान खरं ठरत नाही. पलीकडचा माणूस तुमचा कोड त्याच वेळी दुसरीकडे टाकून बघत असेल, तर त्यालाही तो चुकीचा असल्याचं कळतंच आणि त्याचं पानही "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतं.

सहावी पायरी आत गेल्यावरची. एखादं नेहमीचं संकेतस्थळ उघडताना ब्राउझरने `Your connection is not private` असा लाल इशारा दिला तर "तरीही पुढे जा" दाबू नका. घरच्या वायफायवर जे संकेतस्थळ रोज विनातक्रार उघडतं, त्यावर इथे इशारा येत असेल, तर मधे कुणीतरी स्वतःचं पान घुसवायचा प्रयत्न करतोय असं समजून वायफाय सोडा.

आणि निघताना वायफायच्या यादीत त्या नावापुढच्या दातेरी चक्रावर किंवा `i` वर जाऊन `Forget` करा. हे केलं नाही तर फोन ते नाव लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच नावाच्या कुठल्याही यंत्राला न विचारता जोडला जातो.

मॉलमध्ये थोडं वेगळं

मॉलची खरी पानंसुद्धा जास्त हावरट असतात. नाव, ईमेल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस. ही चोरी नव्हे, जाहिरातीचा धंदा आहे. वायफाय चालायला यातलं काही लागत नाही. चांदणी नसलेले रकाने रिकामे सोडा आणि "ऑफर्स पाठवाव्यात" ही खूण आधीपासून केलेली असते, ती काढा. काही ठिकाणी सोशल मीडियाच्या खात्याने लॉगिन करायचा पर्याय खरा असतो, खोट्या पानावरही तो अगदी तसाच दिसतो. दोन्ही पर्याय असतील तर नेहमी मोबाईल नंबरचा घ्या. एकच पर्याय असेल आणि तो पासवर्ड मागत असेल, तर ते वायफाय आपल्यासाठी नाही.

मॉलमध्ये एक सोयही आहे जी फलाटावर नसते. चौकशीच्या टेबलावर जाऊन विचारता येतं, "तुमच्या वायफायचं नाव काय, आणि ते काय काय मागतं?" टेबलावरची व्यक्ती म्हणाली की फक्त नंबर मागतं आणि तुमच्या खिडकीत पासवर्ड मागत असेल, तर त्यांना स्क्रीन दाखवा. मी काम करत असताना असा एक खोटा राउटर आम्हाला एका ग्राहकाच्या अशा विचारण्यामुळेच सापडला होता. फूड कोर्टमध्ये कुंडीमागे, पॉवर बँकला लावून ठेवलेला.

चिकटवलेल्या क्यूआर कोडबद्दल एवढंच, की छापील फलकावर वरून डकवलेला स्टिकर दिसला तर तो स्कॅन करू नका, नाव हाताने शोधा.

हातून निसटलं तर

काय दिलं त्यावर पुढचं ठरतं. फक्त नंबर दिला असेल तर फारसं बिघडत नाही, नको असलेले फोन वाढतील इतकंच.

व्हॉट्सॲपचा कोड दिला असेल तर लगेच वायफाय सोडून आपल्या फोनवर व्हॉट्सॲप पुन्हा आपल्याच नंबरने नोंदवा. एसएमएसने नवा सहा आकडी कोड येईल, तो टाकला की चोराच्या फोनवरचं खातं बंद पडतं. त्याने मधल्या वेळात दोन टप्प्यांचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला तो पिन विचारला जाईल आणि पिन नसेल तर ७ दिवस थांबावं लागेल. ते सात दिवस खातं तुम्हालाही वापरता येत नाही, पण चोरालाही येत नाही. त्याच वेळी साध्या फोनने घरच्यांना कळवा, कारण पैशांची मागणी पहिल्या अर्ध्या तासातच जाते.

पासवर्ड दिला असेल तर मोबाईल डेटावर जाऊन तो बदला आणि खात्यात कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत ते बघून अनोळखी काढून टाका. गूगलचं हे पान `myaccount.google.com` वर सुरक्षेच्या भागात मिळतं. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला.

कार्ड किंवा बँकेचं काही दिलं असेल, तर आधी बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करा आणि १९३० वर फोन लावा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर होते. बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून "घरी जाऊन बघू" असं करू नका, फलाटावर उभं राहूनच कळवा.

माझ्या बहिणीला ते सात दिवस थांबावं लागलं. आत्याने पैसे पाठवण्याआधी फोन केला म्हणून अठरा हजार वाचले, एका मैत्रिणीचे दोन हजार मात्र गेले. खातं परत आल्यावर आम्ही दोघांनी बसून व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये `Account` आणि त्यात `Two-step verification` उघडून सहा आकडी पिन लावला. तो असता तर चोराकडे ओटीपी जाऊनही दार उघडलं नसतं. मग तिच्या फोनमधल्या जपून ठेवलेल्या वायफायच्या नावांची यादी काढली. कॉलेज, हॉस्टेल, चहाचं दुकान, तीन स्टेशनं, दोन मॉल आणि कुठलं ते आठवतही नाही अशी पाच-सहा. घरचं आणि हॉस्टेलचं ठेवलं, बाकीची एकेक करून `Forget` केली. तुमच्याही फोनमध्ये ती यादी आहे. वायफायच्या सेटिंगमध्ये `Saved networks` या नावाखाली, आयफोनवर वायफायच्या पानावर `Edit` दाबल्यावर.